शोधाची आवड असलेल्या नवख्याला पहिला मेट्रॉइडव्हेनिया कोणता द्यावा

"मेट्रॉइडव्हेनिया शिकायचंय ना? मग सरळ हॉलो नाइट घ्या. मरत मरतच रस्ते पाठ होतात. सोप्या गेममध्ये बाण दाखवेल तिकडं चालायचं असतं, आणि डिफिकल्टी कमी केली की शोधण्यात काही उरत नाही."
— सोलापुरातल्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज

मेट्रॉइडव्हेनिया म्हणजे एकमेकांना जोडलेल्या जागांत भटकायचं, आणि नवी ताकद मिळाली की आधी अडलेल्या वाटेकडे परतायचं, असा गेमचा प्रकार. त्यातला हॉलो नाइट (2017) उत्तम गेम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला लढाईपेक्षा भटकण्यात रस आहे, त्याच्या हातात तो पहिला देऊ नये. कारण गेमच्या रचनेतच आहे.

आधी मरण्याचं बघू. तुम्ही मेलात की जमवलेले सगळे जिओ, म्हणजे तिथले पैसे, मेलेल्या जागी तुमच्या सावलीपाशी राहतात. त्या सावलीला लढून हरवेपर्यंत तुमचं सोल, म्हणजे जखमा भरायची शक्ती, पूर्ण भरत नाही, आणि वाटेत पुन्हा मेलात तर जिओ कायमचे गेले. आता नवख्याची चाल काय असणार? तो पुन्हा त्याच बोगद्यातून, त्याच शत्रूकडे धावतो. शेजारची न पाहिलेली वाट त्याला दिसत असते, पण पैसे तिकडे नाहीत. जो रस्ता झेपत नाही तो सोडून दुसरा धुंडाळणं हा या प्रकाराचा प्राण आहे, आणि इथली शिक्षा नेमकी त्याच्या उलट दिशेला ओढते. पाठ होतो तो एकच बोगदा.

नकाशाचंही तसंच. नव्या भागात शिरलात की हातात काही नसतं. जमिनीवर पडलेले कागद आणि गुणगुणणं यांच्या मागावर जाऊन कॉर्निफरला गाठायचं आणि त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा. पहिल्या भागाचा 30 जिओला मिळतो. पण तो अर्धवट असतो. पुढच्या खोल्या त्यात उतरायच्या तर गावातल्या दुकानातून 120 जिओची क्विल घ्यावी लागते, आणि तरीही त्या उमटतात बाकावर बसल्यावरच. आपण स्वतः कुठे आहोत हे दिसण्यासाठी 220 जिओचा कंपास वेगळा. अनुभवी माणसाला हे हरवलेपण आवडतं, मलाही आवडतं. पण होटगी रोडला राहणारी माझी मावसबहीण बँकेतून येऊन, जेवणं उरकल्यावर तासभर खेळायला बसायची आणि म्हणायची, "दादा, लढाई राहू दे, मी कुठं आहे तेच कळंना की!" तिचं चुकत नव्हतं. क्विल आणि कंपास घेण्याआधीच तिचे जिओ सावलीपाशी अडकत होते.

तिला मी योकूज आयलंड एक्स्प्रेस (2018) लावून दिला. योकू हा मोकुमाना बेटाचा नवा पोस्टमास्तर, एक शेणकिडा. त्याला बांधलेला गोळा पिनबॉलच्या फ्लिपरनी उडवत आपण बेटभर फिरतो. या गेममध्ये मरणच नाही. काट्यांत पडलात तर थोडी फळं, म्हणजे तिथले पैसे, जातात, एवढंच. मग 'बाण दाखवेल तिकडं चालायचं' हे इथे लागू पडतं का? नाही. आधी एक पिपाणी मिळते, तिच्या आवाजानं झोपलेले प्राणी जागे होतात. पुढे स्फोट होणाऱ्या गोगलगाई ओढून घेण्याचं साधन मिळतं आणि त्यांनी खडक फुटतात. त्यानंतर पाण्याखाली जाता येतं. बहिणीनं सुरुवातीला एका खडकापाशी बराच वेळ घालवला, मग नाद सोडून दुसरीकडे गेली. गोगलगाईचं साधन हाती येताच कुणी न सांगता ती त्या खडकाकडे वळली. अडलेली जागा लक्षात ठेवायची, नवी ताकद मिळाली की परतायचं: 1986 च्या मेट्रॉइडपासून हा प्रकार याच सवयीवर उभा आहे, आणि ती लागायला एकदाही मरावं लागलं नाही.

या गेमलाही मर्यादा आहेत. एखाद्या उंच वाटेवर गोळा नेमका बसेपर्यंत तोच फटका पुन्हा पुन्हा मारावा लागतो, आणि सुरुवातीच्या भागात मागे फिरणं लांबतं. पिनबॉलचाच कंटाळा येत असेल तर हा तुमच्यासाठी नव्हे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण वरच्या मेसेजला उत्तर म्हणून बरेच जण ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट (2015) सुचवतात. तो दिसायला कोमल आहे, पण गिन्सो वृक्षाच्या शेवटी खालून पाणी चढतं आणि वर पळत सुटावं लागतं. मध्ये सेव्ह करता येत नाही. चुकलात की पळापळ पहिल्यापासून. एरवी निवांत चाललेल्या गेममध्ये अचानक उभी राहणारी ही भिंत आहे, आणि अनेकांनी तो तिथेच सोडलेला मी पाहिला आहे. 2016 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सोपी पातळी आली, तरी ही पळापळ तिथेही आहेच. नवख्याला द्यायचाच असेल तर हे आधी सांगून द्या.

आता डिफिकल्टीचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगळ्या अडचणी एकच मानल्या आहेत: शत्रू किती जोरात मारतो ही एक, आणि वाट सापडणं किती अवघड ही दुसरी. प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन (2024) मध्ये या दोन्हींची बटणंच वेगळी आहेत. डिफिकल्टीत कस्टम निवडलं की शत्रूचा मार, त्याची ताकद असं एकेक कमी करता येतं. वाटेसाठी मात्र गाइडेड आणि एक्स्प्लोरेशन असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. गाइडेडमध्ये पुढचं ठिकाण नकाशावर दिसतं, एक्स्प्लोरेशनमध्ये नाही. तेव्हा मार कमी करा आणि एक्स्प्लोरेशन तसंच ठेवा. शोधण्यातलं काहीही जात नाही.

शिवाय इथे मेमरी शार्ड आहेत. हात न पोहोचणारा कठडा दिसला की एक बटण दाबायचं, समोरच्या दृश्याचा फोटो नकाशावर त्या जागी चिकटतो. पुढे हवेत दुसरी उडी मारता येऊ लागली की नकाशा उघडून फोटो चाळायचे आणि जिथे फक्त उंची आडवी आली होती तिथे जायचं. सुरुवातीला शार्ड मोजकेच असतात, म्हणून प्रत्येक पेटीवर उधळू नका. काय आडवं आलं हे ज्या फोटोत स्पष्ट दिसतं तोच ठेवा, काम झालं की काढून टाका.

अडलात तर नेमकं कशात अडलात ते आधी ओळखा. एकाच बॉसच्या एकाच फटक्यानं पुन्हा पुन्हा मरत असाल तर शत्रूचा मार आणखी खाली आणा. काटे आणि उड्यांच्या एखाद्या टप्प्यावर बोटं साथ देत नसतील तर प्लॅटफॉर्मिंग असिस्ट चालू करा, तो टप्पा ओलांडायला पोर्टल मिळतं. पण जीव शाबूत असताना बराच वेळ एकही नवी खोली उघडली नसेल, तर त्यावर डिफिकल्टीचा उपाय नाही. फोटो पुन्हा बघा, आणि तरी सुचलं नाही तर थोड्या वेळासाठी गाइडेड लावून परत काढा.

हा गेम 2025 पासून फोनवरही आहे, त्यामुळे कॉन्सोल नसलेल्यांचीही सोय झाली. स्टीमवर घेणार असाल तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास बॉस हरवण्यात घालवू नका, नकाशा उघडून मागे-पुढे फिरण्यात घालवा. तिथे मन रमत नसेल तर हा प्रकारच तुम्हाला मानवणार नाही.

आणि रमलंच, तर मग खुशाल हॉलो नाइट घ्या. पहिले 120 जिओ जमताच गावात परतून क्विल घ्या, त्यानंतर कंपास, आणि हातात थोडेच जिओ असताना मेलात तर सावलीच्या मागे न धावता दुसरी वाट धरा.