आधी दहावीचं सर्टिफिकेट काढा, मगच आधार केंद्रावर जा

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये लिपिक होते. जनरल रजिस्टर, दाखले, बोनाफाईड, दहावीचे फॉर्म, सगळं माझ्याच टेबलावर असायचं. रिटायर झाल्यावरही लोक कागदांची फाईल घेऊन घरी येतात आणि दहातल्या सात फायलींत दुखणं एकच असतं. नाव एकाच माणसाचं, पण स्पेलिंग तीन. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीचं प्रकरण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळलं. ते सविस्तर लिहिते, कारण यात चुकीच्या क्रमाने धावपळ करून लोक पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

मुलीला ज्ञानदा क्षीरसागर म्हणू. हे तिचं खरं नाव नाही, घोळ मात्र अगदी असाच होता. तिला परदेशात एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. बँकेने शैक्षणिक कर्जाची फाईल परत पाठवली, शेरा 'नेम मिसमॅच'. त्याच आठवड्यात विद्यापीठाचा मेल आला की पासपोर्ट आणि पदवीवरची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. पोरगी रडवेली होऊन आली. "मावशी, मी कुठे काय चुकीचं केलं?" तिने काहीच केलं नव्हतं. मी तिचे सगळे कागद टेबलावर एकाखाली एक मांडले आणि वहीत अक्षर न अक्षर उतरवून घेतलं.

```
दहावी, बारावी, पदवी : KSHIRSAGAR DNYANADA SUNIL
बँक                 : DNYANADA S KSHIRSAGAR
आधार                : Gyanada Sunil Kshirsagar
पॅन                  : GYANADA SUNIL KSHIRSAGAR
पासपोर्ट (Surname)   : KSHIRSAGAR
पासपोर्ट (Given Name): GYANADA SUNIL
```

हे मांडल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली एकच खरी अडचण आहे. बोर्ड आडनाव आधी छापतं, तो नुसता क्रमाचा फरक. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी सगळं, म्हणजे वडिलांचं नावसुद्धा, गिव्हन नेममध्ये. ही रकान्यांची रचना आहे, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बँकेतला 'S' हे आद्याक्षर, ते एका अर्जात पूर्ण होतं. खरी अडचण फक्त Dn आणि Gy मध्ये आहे.

हे आलं कुठून? आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, हिंदीत ग्य करतात. म्हणून माउलींचं नावसुद्धा इंग्रजी पुस्तकांत Dnyaneshwar, Jnaneshwar आणि Gyaneshwar असं तिन्ही प्रकारे सापडतं. शाळेच्या रजिस्टरला नाव मराठीतच असतं. मुलाचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्यांदा कोण ठरवतं, तर फॉर्म भरणारा माणूस. आमच्या शाळेत मी Dn लिहायचे. आधार केंद्रावरच्या मुलाने मराठीत टाईप केलं असेल किंवा इंग्रजीत, समोर Gyanada उमटलं आणि कुणी थांबवलं नाही. ज्ञानदाचा पासपोर्ट काढला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. जन्मदाखला नगरपरिषदेचा, नुसता मराठीत. मग एजंटने इंग्रजी स्पेलिंग कुठून उचललं? आधारवरून. अठराव्या वर्षी तिने ऑनलाईन झटपट पॅन काढलं. ते थेट आधारच्या माहितीवरच बनतं, त्यामुळे तिथेही तेच. एक चूक तीन कागदांवर अशी चढली.

लोक विचारतात, उच्चार एकच आहे, फोटो तोच, जन्मतारीख तीच, मग अडवतात कशाला? मला याचं उत्तर नोकरीत कळलं. टेबलापलीकडचा माणूस 'तुमचं नाव चुकीचं आहे' असं म्हणतच नसतो. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत असं ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. उद्या चौकशी झाली तर सही त्याची असते. आणि जिथे माणूसच नाही, पॅन-आधारची जुळणी कॉम्प्युटर करतो, तिथे D आणि G ही दोन वेगळी अक्षरं. ज्ञ त्याला ऐकूच येत नाही. म्हणून वाद घालून उपयोग नाही. ज्याला अधिकार आहे त्याने दिलेला कागद आणावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. कुठलं स्पेलिंग खरं धरायचं? ज्ञानदाच्या वडिलांचं म्हणणं असं की पासपोर्ट, पॅन, आधार तिन्ही Gy आहेत, तर शाळेचंच बदलून टाकू. मी ठाम नाही म्हटलं. शाळेचं म्हणजे एक कागद नव्हे. दहावी, बारावी, पदवी आणि प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, म्हणजे बोर्ड वेगळं, विद्यापीठ वेगळं. शिवाय बोर्ड दुरुस्ती करतं ती जनरल रजिस्टरच्या नोंदीवरून, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. रजिस्टरला 'ज्ञानदा' आहे आणि Dnyanada हे त्याचं बरोबर स्पेलिंग आहे. बरोबर असलेलं बोर्ड बदलेल कशाला? मुलाने शाळा सोडल्यावर रजिस्टरमध्ये उघड लेखनचुकीपलीकडे बदल करणं तर जवळजवळ अशक्यच. म्हणून जो कागद बदलायला सर्वांत कठीण, त्याला खुंटा मानायचं आणि बाकीचे त्याच्याकडे ओढून आणायचे. बहुतेकांच्या बाबतीत तो खुंटा दहावीचं सर्टिफिकेट असतो.

सर्टिफिकेटच चुकलं असेल, समजा रजिस्टरला 'वैशाली' आहे आणि बोर्डाने Vishali छापलंय, तर मात्र उलटं. आधी शाळेत जाऊन रजिस्टरच्या पानाचा साक्षांकित उतारा घ्या आणि तिथूनच सुरुवात करा. सीबीएसईवाल्यांसाठी जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. शाळेच्या नोंदीप्रमाणे किंवा सरकारी कागदांच्या आधारे नावातली दुरुस्ती नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. तिथे मंडळ टोलवत असेल तर अर्जात तो निकाल जरूर लिहा.

ज्ञानदाच्या आईला लगेच आधार केंद्रावर जायचं होतं. मी थांबवलं, कारण आधारमध्ये नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. लोक पहिली संधी घाईत वाया घालवतात, दुसरीत ऑपरेटर चूक करतो, आणि मग प्रादेशिक कार्यालयाचे खेटे सुरू होतात. आम्ही आधी राजपत्र केलं. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती येतात, अर्ज ऑनलाईन होतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, प्रतिज्ञापत्र, फोटो, ओळखीचा पुरावा. इथे एक गंमत नव्हे, धोका आहे. मराठीत लिहिलं तर जुनं नाव ज्ञानदा आणि नवं नावही ज्ञानदाच! फरक फक्त इंग्रजीत आहे, म्हणून जाहिरात इंग्रजीतच दिली. मी तिला दोन्ही नावं मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लावली आणि मगच पैसे भरू दिले. राजपत्रातच स्पेलिंग चुकलं तर पुन्हा नवी जाहिरात.

राजपत्राची पीडीएफ आली, मग आधार. सोबत जुन्या नावाचा फोटो असलेला कागद. केंद्रावर पावती छापण्याआधी स्क्रीनवरचं इंग्रजी आणि मराठी, दोन्ही नाव वाचा. पुष्कळदा इंग्रजी दुरुस्त करताना मराठी बिघडतं आणि ते घरी आल्यावर दिसतं. आधार दुरुस्त होऊन आल्यावर पॅनची दुरुस्ती, मग बँकेत नवीन पॅन-आधार देऊन आद्याक्षराच्या जागी वडिलांचं पूर्ण नाव. पॅन आधारच्या आधी केलंत तर जुळणीचं कोडं पुन्हा उभं राहतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

पासपोर्टाला 'दुरुस्ती' नावाचा प्रकार नाही. अर्ज रीइश्यूचा करायचा आणि कारणात वैयक्तिक तपशिलातला बदल निवडायचा. छत्तीस पानी पासपोर्टाला साधी फी १५०० रुपये. राजपत्र, नवीन आधार, दहावीचं सर्टिफिकेट तिथे दाखवलं. पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते, तेवढे दिवस हाताशी ठेवा. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे नव्या पासपोर्टाचा नंबर वेगळा असतो. विद्यापीठाला, बँकेला, व्हिसाच्या अर्जात, सगळीकडे नवा नंबर आणि नवं स्पेलिंग कळवावं लागतं. ज्ञानदाने विद्यापीठाला राजपत्राची प्रत आणि दोन्ही पासपोर्टांची पहिली पानं पाठवली. चार दिवसांत प्रवेशपत्र Dnyanada नावाने नव्याने आलं आणि कर्जाची फाईल पुढे सरकली. सगळं मिळून साडेतीन महिने गेले. तिच्याकडे ते होते.

ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पासपोर्टावर व्हिसा लागलेला असेल आणि प्रवास तोंडावर असेल, तर पासपोर्टाला हात लावू नका. तिकीट पासपोर्टावर आहे त्याच स्पेलिंगने काढा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करा, पण ते चालेल का हे समोरच्या कार्यालयाला आधी लेखी विचारा. प्रतिज्ञापत्राने एकही नोंद बदलत नाही. समोरच्याने मानलं तर ते आहे, नाही मानलं तर ते नाही. कोर्टाबाहेर पाचशे रुपयांत 'सगळीकडे चालेल' म्हणून जे विकलं जातं, त्यावर विसंबून मुलांना विमानतळावर पाठवू नका.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक वेगळंच. आपल्याकडे आडनावाबरोबर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, कुठे कुठे पाळण्यातलं नावही बदलतात. म्हणजे तीनही शब्द नवीन. कायदा हे बदलायला सांगत नाही. बदलायचंच असेल तर आधार, पॅन, बँक, पासपोर्ट एका दमात बदला. निम्मे माहेरचे, निम्मे सासरचे असे कागद ठेवलेल्या बायका मी फार पाहिल्यात. पी.एफ. काढताना त्यांचे हाल होतात.

आणि ज्यांची मुलं आता दहावीत आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. बोर्डाचे फॉर्म भरून झाले की शाळेकडे छापील प्री-लिस्ट तपासायला येते. ती नजरेखालून घालायला आमच्याकडे दोन-तीन दिवस मिळायचे आणि शेकडो नावं असायची. लिपिक एकटा काय काय बघणार? शाळेत जा, तुमच्या मुलाची ओळ मागून घ्या, शेजारी आधार ठेवा. स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. चूक दिसली तर तिथेच लाल शाईने दुरुस्त होते, एक रुपयाही लागत नाही. ज्ञानदाच्या वेळी तिच्या ओळीवर सही करायला घरचं कुणी आलं नव्हतं. आलं असतं आणि आधार शेजारी ठेवलं असतं, तर फरक तेव्हाच, पासपोर्ट काढायच्या आधीच दिसला असता. माझ्या टेबलावर ती यादी होती, आणि 'घरून आधार घेऊन ये' असं मीही तिला म्हटलं नव्हतं.