'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' कधी होतं, कधी नाही

इंग्रजीतलं डायरेक्ट स्पीच इनडायरेक्टमध्ये बदलायच्या माझ्या उदाहरणांवर एक प्रश्न आला: "पहिल्या उदाहरणात टुमॉरोचं 'द नेक्स्ट डे' केलंत, चौथ्यात तेच टुमॉरो तसंच ठेवलंत. मुलांनी तक्ता पाठ करायचा की तुमचा मूड बघायचा?"

'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' असे वेळेचे शब्द बदलायचा तक्ता पाठ असलेला बरा, पण तो दोन गोष्टी गृहीत धरतो: वाक्य बोललं गेलं तो दिवस मागे पडलाय आणि सांगणारा कुणी तिऱ्हाईत आहे. यातलं एक जरी बदललं, तरी उत्तर बदलतं.

पहिलं उदाहरण पुन्हा बघा: रवी सेड टू मीना, "आय विल रिटर्न युअर बुक टुमॉरो."

तिऱ्हाइतानं काही दिवसांनी सांगितलं, तर: रवी टोल्ड मीना दॅट ही वुड रिटर्न हर बुक द नेक्स्ट डे. 'आय' म्हणजे बोलणारा रवी, म्हणून 'ही'. 'युअर' म्हणजे ऐकणाऱ्या मीनाचं, म्हणून 'हर'. 'सेड' भूतकाळात आहे, म्हणून 'विल' एक पायरी मागे जाऊन 'वुड'. आणि 'टुमॉरो' रवीच्या त्या दिवसापासून मोजलेला आहे. तो तसाच ठेवला तर सांगणाऱ्याचा उद्या होईल, रवीचा नव्हे.

आता हेच मीना त्याच संध्याकाळी घरी सांगते: रवी टोल्ड मी दॅट ही विल रिटर्न माय बुक टुमॉरो. उद्या अजून उजाडायचाय, म्हणून 'टुमॉरो' राहिला आणि 'विल'ही चालतं. 'वुड' लिहिलं तरी चूक नाही. 'हर' मात्र 'माय' झालंच पाहिजे, कारण पुस्तक सांगणारीचंच आहे. चौथ्या उदाहरणात सुरुवातीलाच 'धिस मॉर्निंग' आहे. दिवस तोच आहे याची खूण तीच. परीक्षेत अशी खूण नसेल, तर मुकाट्यानं 'वुड' आणि 'द नेक्स्ट डे' लिहावं. तिथं तक्त्याचंच गृहीतक धरतात.

खरी गोची वेळेच्या शब्दांत नाहीच, सर्वनामांत आहे. आपण सहज बोलतो, "रवी म्हणाला की मी पुस्तक परत करीन." मराठीत 'की' आल्यावरही 'मी' रवीच राहू शकतो आणि 'करीन'चा काळही हलत नाही. त्याच सवयीनं मुलं 'रवी सेड दॅट आय विल रिटर्न' लिहितात. इंग्रजीत 'दॅट' आला आणि अवतरणचिन्हं गेली की 'आय' म्हणजे सांगणारा. म्हणजे मीना सांगत असेल, तर पुस्तक परत करायची जबाबदारी तिच्यावरच येऊन पडते! म्हणून क्रम असा ठेवा: आधी बोलणारा, ऐकणारा आणि सांगणारा कोण ते समासात लिहायचं, सर्वनामं बदलायची, मग काळ, शेवटी वेळेचे शब्द.

'सेड'ऐवजी 'सेज' असेल, तर काळ जागचा हलत नाही: रवी सेज दॅट ही विल रिटर्न हर बुक टुमॉरो. सर्वनामं मात्र इथंही बदलली आहेत. 'सेज' दिसलं की मुलं वाक्य जसंच्या तसं उतरवतात आणि नेमका तिथंच गुण जातो.