सीनचे दात कोणी पाडले?

अरबी शिकणाऱ्याच्या आयुष्यात एक सुखाचा काळ येतो. छापील मजकूर गळ्याखाली उतरायला लागतो, अक्षरं ओळखीची होतात आणि माणूस स्वतःला साक्षर समजू लागतो. मग समोर येते हाताने रंगवलेली पाटी किंवा कुणीतरी घाईत लिहिलेली चिठ्ठी. तीच भाषा, तेच शब्द, आणि आपण पुन्हा बालवाडीत.

दोष आपल्या डोळ्यांचा नाही. पुस्तकं छापतात ती नस्ख शैली, आणि अरब जगाच्या पूर्व भागात लोक हाताने लिहितात ती बहुतेक रुक़आ. नस्ख म्हणजे इस्त्रीचे कपडे घातलेला, सगळी बटणं लावलेला माणूस. तोच माणूस घरी बनियनवर बसला की रुक़आ. उस्मानी कारकुनांना भराभर लिहायचं होतं आणि प्रत्येक टिंबासाठी बोरू उचलायचा म्हणजे वेळेचा खोळंबा. म्हणून बोरू न उचलता जे जमेल ते ठेवलं, बाकीच्याला फाटा दिला.

एकच शब्द घेऊ: मुस्तश्फा, म्हणजे रुग्णालय. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरतात मीम, सीन, ते, शीन, फे आणि शेवटी बिनटिंबाच्या ये सारखं दिसणारं दीर्घ 'आ'चं चिन्ह. नस्खमध्ये आधी मीमची गाठ येते. मग सीनचे तीन दात, ते चा एक दात आणि त्यावर दोन टिंबं, शीनचे तीन दात आणि त्यांवर तीन टिंबं. एकूण सात दात. मोजून घ्या, करवतीसारखे रांगेत उभे असतात.

रुक़आत हेच रुग्णालय दंतवैद्याकडे जाऊन आलेलं असतं. सीनचे तिन्ही दात गेले, उरली सपाट रेघ. शीनचेही तेच. सातांपैकी टिकतो फक्त ते चा दात, तोही दोन रेघांच्या मधे, शेवटच्या शिलेदारासारखा. त्याच्यावरची दोन टिंबं एकमेकांना चिकटून छोटीशी आडवी रेघ झालेली असतात. शीनच्या तीन टिंबांचं छप्पर होतं: खाली उघडा, वर टोक असलेला कोन. (काही लिहिणारे रुक़आतही दात ठेवतात. त्यांचे उपकार मानावेत.)

म्हणून शब्द सुरुवातीपासून अक्षर अक्षर लावत बसू नका, तिथेच गाडी अडते. आधी फक्त वरचा आणि खालचा माल बघा. सपाट रेघेवर छप्पर असेल तर शीन, डोक्यावर काहीच नसेल तर सीन. दातावर आडवी रेघ असेल तर ते, दाताखाली असेल तर ये. घाईत लिहिणाऱ्याचं एकटं टिंबही किंचित लांबतं आणि इथेच लोक फसतात. तेव्हा त्याच हातातलं नक्की एका टिंबाचं अक्षर शोधा, मुस्तश्फात फे आहेच, आणि लांबी त्याच्याशी ताडून बघा.

दुसरा घोटाळा जास्त लबाड आहे. नस्खमध्ये जागा भरायला दोन अक्षरांमधली जोडरेघ ताणतात. तिला काही अर्थ नसतो, ती नुसती ओढलेली असते. रुक़आत मात्र अशी ताणाताण करत नाहीत, त्यामुळे लांब सपाट रेघ दिसली की तिथे सीन किंवा शीन दडलाय असंच धरून चालावं. एकाच रेघेचा एका शैलीत अर्थ 'काही नाही' आणि दुसरीत एक अख्खं व्यंजन! म्हणून आधी शैली ओळखायची, मग वाचायचं. आडव्या रेघेची जोड-टिंबं दिसली आणि प्रत्येक जोडलेला गट ओळीच्या वर सुरू होऊन उतरत खाली आला, तर ती रुक़आ.

पाट्यांवर आणखी एक पाहुणी भेटते: नस्तालीक़, जिला अरब 'फ़ारसी' म्हणतात. सीनचे दात तीही गिळते, पण तिची रेघ सपाट नसते, झोळीसारखी खाली झुकते; आणि टिंबं सहसा सुटी, चौकोनी राहतात. थुलुथ ही उंच अलिफांची आणि अक्षरावर अक्षर चढवणारी शैली. ती बहुतेक मशिदींच्या भिंतींवर आणि शीर्षकांत असते. कित्येकदा तिथे वाक्य खालून वर वाचावं लागतं. नवशिक्याने तिला लांबूनच नमस्कार करावा.

नून मात्र रुक़आतच गाठायला हवा. दुक्कान, म्हणजे दुकान, या शब्दात शेवटी तो सुटा येतो. नस्खमध्ये वाटी आणि वर टिंब. रुक़आत बोरू वाटी काढून न उचलता तसाच आत वळतो आणि टिंबाचा आकडा होतो. शिकणारा टिंब शोधत बसतो, आणि ते वाटीच्या टोकाला गळासारखं लटकत असतं.