काम काढून घ्या, पण सांगून घ्या

माझं काम दुसऱ्याकडे दिलंय हे मला ऑफिसमधून कुणी सांगितलं नाही. सिन्नर-संगमनेर पट्ट्यातल्या एका गावात मी भूजलाचं काम करत होते, तिथल्या एका काकांच्या फोनवरून कळलं. "ताई, तुमच्या हापिसातली दोन पोरं आलीत, विहिरीत टेप सोडतायत. तुम्ही आता यायच्या नाही का?"

मग आधीच्या खुणा लक्षात यायला लागल्या. आढावा बैठकीचं बोलावणं आलं नव्हतं, मला वाटलं बैठक पुढे गेली असेल. गावाच्या नोंदींची शीट मीच बनवलेली, ती एके दिवशी फक्त वाचता येत होती, लिहिता येत नव्हती. वाटलं काही तांत्रिक घोळ असेल. साहेबांना विचारलं तर उत्तर मिळालं, "अगं, थोडी फेररचना केलीय. तुझ्यावरचा भार कमी केला." मी भार कमी करा असं कधीच म्हटलं नव्हतं. विषय तिथेच संपला.

कोणतं काम कुणाला द्यायचं हा संस्थेचा अधिकार आहे, तो मला मान्य आहे. नव्या माणसाबद्दलही काही तक्रार नाही. मुलगा हुशार आहे, त्याने काही हिसकावून घेतलेलं नाही. मला राग आहे तो गुपचूपपणाचा. दुखावले गेले आहे, ते लपवत नाही. पण जुन्या माणसाला सांगायचंच नाही असं ठरलं की त्याच्याशी बोलताही येत नाही, आणि मग कामाचं हस्तांतरण होतच नाही. फक्त फाइल हलते. आमच्या कामात याचा अर्थ काय होतो ते नीट सांगते.

आम्ही गावातल्या ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजतो. पावसाळ्याआधी मे महिन्यात, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, आणि मधेही. त्यावरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतो. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, रब्बीला किती उरलं. दिसायला सोपं काम आहे, टेप सोडायचा आणि आकडा लिहायचा. पण टेप सोडायचा कुठून?

आमच्या नोंदीत सगळ्या पातळ्या जमिनीपासून खाली किती, अशा आहेत. मोजणी मात्र कठड्यावरच्या रंगाच्या खुणेवरून होते, आणि प्रत्येक कठड्याची उंची त्यातून वजा करायची असते. त्या गावात कठडे साधारण पाऊण मीटरचे. समजा मे महिन्यात टेपवर १०.१५ मीटर आलं, तर नोंद ९.४० ची व्हायला हवी. कठड्यांच्या उंच्या माझ्या वहीत आहेत, शीटमध्ये वजाबाकी करूनच आकडा चढतो. हे नव्या माणसाला कुणी सांगितलं नाही, तर तो १०.१५ लिहील. त्याचं काहीच चुकलेलं नसेल, टेपवर तेच दिसत होतं.

आता हा पाऊण मीटर पुढे कुठे जातो बघा. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी धरून ठेवायची जागा फार कमी. वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक थोडं पाणी धरतो, खाली काळा पाषाण लागला की संपलं. साधारण २ टक्के जागा धरू आणि विहिरींच्या पट्ट्याचं क्षेत्र २०० हेक्टर. पाऊण मीटर पातळी खाली गेली म्हणजे ३० हजार घनमीटर पाणी कमी झालं असा हिशेब निघतो. रब्बी कांद्याच्या एका हेक्टरला ५ हजार घनमीटर धरले, तर ६ हेक्टरचं, म्हणजे पंधराएक एकर कांद्याचं पाणी कागदावरून नाहीसं झालं. पाणी जमिनीत आहे तिथेच आहे. पण ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो आणि त्यावर लोक लागवड ठरवतात.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. त्या गावच्या फीडरवर शेतीपंपांना एक आठवडा दिवसा वीज असते, एक आठवडा रात्री. मी मोजणी कायम दिवसपाळीच्या आठवड्यात, सकाळी पंप सुरू व्हायच्या आत करायचे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी गेलात तर विहीर रात्रभर उपसलेली असते. टेपवर दिसते ती उपसलेल्या विहिरीची पातळी, आणि आपल्याला हवी असते ती खडकातल्या पाण्याची. काही विहिरी दुपारपर्यंत सावरतात, काहींना दीड-दोन दिवस लागतात. कोणती विहीर कशी वागते हे त्या शिवारात फिरून आणि शेतकऱ्यांशी बोलून कळतं. शीटमध्ये त्यासाठी रकाना नाही.

असा घोळ झालाय हे ओळखता येतं, पण कुणी पाहिलं तर. सगळ्याच विहिरी एकाच हंगामात जवळपास सारख्याच अंतराने खाली गेलेल्या दिसल्या, तर पावसाला दोष देण्याआधी मोजणीच्या खुणेवर संशय घ्यावा. खरी घट अशी समान नसते. पाझर तलावाखालची विहीर कमी उतरते, माथ्याकडची लवकर तळ गाठते. आणि पाऊस चांगला होऊनही दोन-तीनच विहिरी विचित्र खोल दिसत असतील, तर त्या आठवड्यात वीज कधी होती ते आधी विचारावं.

गावाबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात जास्त तेच लागलंय. सुरुवातीला लोक विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते. मोजून झाल्यावर उसावर बंदी येईल, बोअर घेऊ देणार नाहीत, अशी भीती होती. मी शब्द दिला होता की आकडे आधी ग्रामसभेत वाचले जातील, नंतरच बाहेर जातील. त्या भरवशावर शेतकऱ्यांनी पंप किती तास चालतो हे खरं सांगायला सुरुवात केली. उपशाचा अंदाज त्या तासांवरच बांधावा लागतो. माणूस बदलला आणि गावाला कुणी काही सांगितलं नाही, तर तो शब्द आता कुणाचा? लोकांनी उद्या पुन्हा मोघम तास सांगायला सुरुवात केली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

यावर मला ऐकवलं गेलं की सरकारी खात्यात बदल्या होतातच, तिथे कोण कारण सांगतं? बरोबर आहे. पण तिथेही बदलीचा लेखी आदेश निघतो, कार्यभार सोडल्याची आणि घेतल्याची सही होते. जाणाऱ्याला आपण जातोय हे ठाऊक असतं. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना अगं-अरे म्हणतात, आणि त्या आपलेपणाच्या आड लेखी काहीच द्यावं लागत नाही. कारण अप्रिय असेल तर तेही सांगा. माझं काम पटलं नसेल, निधी देणाऱ्यांना दुसरं कुणी हवं असेल, जे असेल ते. कळलं तर दोन दिवस वाईट वाटेल. न कळल्यामुळे मी प्रत्येक जुना मेल पुन्हा वाचतेय, आणि ऑफिसातल्या कुणाच्याही साध्या बोलण्याचा अर्थ लावत बसतेय.

मी संस्थेला लेखी पत्र दिलंय. काम परत मागितलेलं नाही. त्यात लिहिलंय की ऑक्टोबरच्या मोजणीआधी नव्या सहकाऱ्याबरोबर माझी एक संयुक्त फेरी ठेवा. प्रत्येक विहिरीवर दोघांनी एकाच वेळी, एकाच खुणेवरून मोजायचं आणि दोघांच्या सह्यांनी नोंद करायची, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका कुठे जुळते ते कागदावर राहील. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत बसून लोकांना सांगायचं की यापुढे हे येणार आहेत. वहीची छायाप्रत पत्राला जोडलीय. आणि शेवटच्या ओळीत, बदलाचं कारण मला लेखी कळवावं, ही विनंती आहे.

पोच मिळालीय. उत्तर अजून नाही.