सहा चाचण्यांचे मेटा-रिग्रेशन आणि ‘सापडलेले’ कारण

“सहा चाचण्यांच्या मेटा-रिग्रेशनमध्ये औषधाच्या मात्रेसाठी पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजे निष्कर्षांमधील विषमतेचे कारण मात्राच आहे.”

हा निष्कर्ष टिकत नाही. मेटा-रिग्रेशनमध्ये चाचण्यांचे निष्कर्ष मात्रेसारख्या घटकानुसार कसे बदलतात, हे दाखवणारी रेषा काढतात आणि येथे प्रत्येक चाचणी म्हणजे आलेखावरचा एकच बिंदू असतो. त्यामुळे हजारो रुग्ण असले तरी रेषा सहा बिंदूंवरच बेतलेली असते. समजा, उतार भागिले प्रमाण त्रुटी २.१७ आहे. प्रसामान्य वितरणानुसार पी-मूल्य ०.०३ येते खरे, पण रेषेचा आंतरछेद आणि उतार काढल्यावर सहापैकी स्वातंत्र्य-कोटी चारच उरतात आणि टी-वितरणानुसार तेच मूल्य ०.१० च्या जवळ जाते. म्हणून टी-वितरण वापरणारी नॅप-हार्टुंग दुरुस्ती वापरावी; आर भाषेच्या मेटाफोर पॅकेजमध्ये ती अशी मागता येते:

```
rma(yi, vi, mods = ~ dose, test = "knha")
```

त्यातही मात्रेआधी वय, कालावधी असे घटक तपासून पाहिले असतील, तर धोका वाढतो: पाच स्वतंत्र, निरर्थक घटकांपैकी किमान एक ०.०५ च्या आत येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के असते. दहापेक्षा कमी चाचण्या असताना मेटा-रिग्रेशन सहसा करू नये, असे कॉक्रेन हँडबुक सांगते ते यामुळेच.

एकेक चाचणी वगळून रेषा पुन्हा काढावी. सर्वाधिक मात्रेची एकच चाचणी वगळताच उतार सपाट झाला, तर तो संबंध त्या एका चाचणीचा होता आणि त्या चाचणीत मात्रेखेरीज इतरही बरेच काही वेगळे असू शकते. उलट, पी-मूल्य मोठे आल्याने मात्रेचा परिणाम नाही, हेही सिद्ध होत नाही.