‘मर्यादेत’ लिहिलं की हिशोब संपला का?

आज फार चिडलेय. कुणाला पोस्ट लांब वाटली तर वाटू दे.

आमच्या वजनकाट्याच्या रजिस्टरचा नवा नमुना आज आला. जुन्यात प्रत्येक पावतीपुढे फरकाचा रकाना होता. माल पाठवणाऱ्याने चलनावर लिहिलेलं वजन आणि आपल्या काट्यावरचं निव्वळ वजन यांतला फरक, अधिक किंवा वजा चिन्हासकट. नव्यात तो काढलाय. तिथे आता एकच शब्द उमटतो, ‘मर्यादेत’ किंवा ‘बाहेर’. दिवसाच्या शेवटी सगळ्या मालाची मिळून एक बेरीज. आणि रिकाम्या गाडीचं वजन संगणक साठवलेल्या यादीतून आपोआप भरणार. आज ४३ पावत्या झाल्या, एकही ‘बाहेर’ नाही, म्हणून काट्यावरच्या नव्या मुलाचं कौतुक झालं. त्या पोराची काही चूक नाही. त्याला जे दिसतं ते तो लिहितो. राग आहे तो त्याला दिसायचं ते झाकून टाकणाऱ्यांवर.

मी काट्यावर नवीन होते तेव्हाची गोष्ट. खडीच्या गाडीवर एक वयस्कर ड्रायव्हर काका होते. दुपारी खिडकीशी येऊन म्हणाले, “ताई, गाडी एकदा रिकामी चढवून बघा की काट्यावर.” मागे रांग लागलेली. मी म्हटलं, “काका, तुमच्या सगळ्या पावत्या मर्यादेत आहेत, कशाला काळजी करता?” ते काही बोलले नाहीत. गाडी घेऊन निघून गेले.

त्या दिवशी त्यांच्या सहा खेपा झाल्या. समजायला सोपं जावं म्हणून चलनावरचं वजन प्रत्येक खेपेला १८,००० किलो धरा. आमची मर्यादा चलनाच्या वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ९० किलो. (चलनाच्या निव्वळ वजनाच्या, भरल्या गाडीच्या नव्हे. भरल्या गाडीवर टक्का काढला तर मर्यादा आपोआप १३९ किलोपर्यंत फुगते. हेही मी पाहिलंय.) यादीत त्यांच्या गाडीचं रिकामं वजन होतं ९,८६० किलो. पहिल्या खेपेला भरली गाडी २७,७८०. वजा ९,८६०, निव्वळ १७,९२०. तूट ८० किलो, मर्यादेत. दुसरीला ६०. मग ८०, ४०, ८०, ६०. सहाही पावत्या मर्यादेत, सहाही बिनतक्रार पास.

संध्याकाळी खडीची बेरीज मारली तर त्या एका गाडीची तूट ४०० किलो. आकड्यापेक्षा मला खटकलं ते चिन्ह. सहाच्या सहा वजा!

काटा म्हटला की थोडा फरक येणारच, हे मला मान्य आहे. आमचा काटा २० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, म्हणजे प्रत्येक आकडा १० किलोपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. निव्वळ वजन दोन आकड्यांच्या वजाबाकीतून येतं, म्हणून तिथे २० किलोपर्यंत. माल पाठवणाऱ्याच्या काट्याचंही तसंच. वर ताडपत्रीवरचं पाणी, वारा. म्हणून मर्यादा हवीच. पण असा फरक कधी अधिक येतो, कधी वजा, आणि बेरजेत बराचसा फिटतो. सगळाच एका बाजूला झुकला असेल तर कुठलातरी आकडा मुळातच चुकीचा आहे, आणि तो तसाच प्रत्येक खेपेत वापरला जातोय.

शेवटची खेप खाली झाल्यावर मी गाडी थांबवली आणि रिकामी चढवली. ९,७८० किलो. यादीपेक्षा ८० किलो कमी. यादीतलं वजन तीन आठवड्यांपूर्वी घेतलेलं होतं, आणि काकांना तो दिवस लक्षात होता. टाकी नुकतीच भरलेली, हौद्याच्या तळाला ओली भुकटी चिकटलेली. १०० लिटर डिझेलचंच वजन ८० किलोच्या वर जातं. एवढ्यानेच झालं होतं सगळं. खऱ्या रिकाम्या वजनाने हिशोब मांडला तर सहा खेपांची मिळून तूट तर नाहीच, उलट ८० किलो माल जास्त आला होता. १,०७,६०० लिहिलं होतं ते १,०८,०८० निघालं.

आता कुणी म्हणेल, पावती मर्यादेत होती ना, मग ड्रायव्हरचं काय बिघडलं? बिघडलं असं की मर्यादा पावतीला होती, पण तुटीची कपात महिन्याच्या बेरजेवर व्हायची. पावतीवर ‘ठीक आहे’ म्हणायचं आणि महिन्याअखेरी त्याच किलोंचे पैसे भाड्यातून कापायचे. काकांना हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी त्यांना काळजी करू नका म्हणून सांगत होते.

त्या दिवसाच्या सहा पावत्या मी दुरुस्त करून घेतल्या. आधीच्या तीन आठवड्यांच्या नाही करता आल्या, कारण त्या दिवसांत कुणी रिकामी गाडी मोजलीच नव्हती. दाखवायला काही कागदच नव्हता. काका एवढंच म्हणाले, “आजचं तरी झालं.” ते अजून टोचतं मला.

रांग असते, मान्य. प्रत्येक खेपेला रिकामी गाडी चढवायची तर वेळ जातो, मान्य. म्हणून मी प्रत्येक खेपेला म्हणतच नाही. दिवसातून एकदा घ्या, टाकी भरल्यावर घ्या, हौदा धुतल्यावर घ्या, आणि रिकाम्या वजनाशेजारी ते कधी घेतलं ती तारीख-वेळ छापा. तीन आठवड्यांची जुनी तारीख समोर दिसली असती तर मीही त्या दुपारी गाडी थांबवली असती.

आणि सगळ्या मालाची एकत्र बेरीज कशासाठी? आजचीच पाहिली मी. जुन्या पद्धतीने घरी बसून मांडली. खडी ५२० किलोने कमी, वाळू ४८० किलोने जास्त. एकत्र केलं की ४० किलोची तूट, आणि सगळे खूश. वाळू जास्त का? ओली होती, तिच्यातलं पाणी आपण वाळू म्हणून लिहून घेतलं. खडी कमी का? त्याचं उत्तर आज कुणाकडे नाही. खडीच्या १७ पावत्यांपैकी १५ वजा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच एकाच गाडीच्या. ती गाडी एक तरुण मुलगा चालवतो. खिडकीशी येऊन तो काही बोलला नाही. त्याला कदाचित ठाऊकच नसेल की बोलायचं असतं.

सकाळपासून नमुना बनवणाऱ्यांवर ओरडावंसं वाटत होतं. आता लिहिता लिहिता ते थोडं निवलंय. त्यांनी काट्याची खिडकी कधी पाहिलेली नसेल, कागद सुटसुटीत करायला गेले असतील. पण तो रकाना मी सोडणार नाही. जुन्या वहीत आज रात्री परत आखलाय. गाडी, माल, रिकामं वजन कधी घेतलं, फरक चिन्हासकट.

उद्या सकाळी त्या मुलाची गाडी पहिल्या खेपेआधी रिकामी चढवणार आहे. रांग थांबली तर थांबेल.