पहिल्या आवृत्तीत पेमेंट का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नव्या प्रॉडक्टच्या पहिल्या आवृत्तीत ऑनलाइन पेमेंट बांधू नये, असे मी एका लेखात सुचवले होते आणि कामाचे वेळापत्रकही दिले होते. त्यावर एका वाचकाने लिहिले:

"ज्यात ऑनलाइन पेमेंटच नाही, त्याला प्रॉडक्ट म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. शिवाय तुमच्या वेळापत्रकात चाचणीला एकच आठवडा आहे आणि डिझाइनचा उल्लेखही नाही. स्वतः कधी काही न बांधता असे सल्ले देणे सोपे असते."

चाचणीला एक आठवडा अपुरा आहे हे मान्य. तेथे दोन हवेत, आणि तशी दुरुस्ती लेखात करतो. डिझाइनवर वेगळा वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही. परंतु 'फसवणूक' हा शब्द आपण जपून वापरायला हवा होता. पैसे कसे द्यायचे हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगितले असेल, तर त्यात लपवलेले काय आहे?

राहिला माझ्या अनुभवाचा प्रश्न. फिजिओथेरपिस्टची वेळ आरक्षित करण्याचे ॲप आम्ही दोघांनी तीन महिन्यांत, म्हणजे 13 आठवड्यांत, करायला घेतले होते. त्यात पेमेंटला दोन आठवडे धरले होते आणि पैसे जमा होण्याचा सरळ मार्ग चार दिवसांत चालूही झाला. पुढचे पाच आठवडे आडवाटांनी खाल्ले. पैसे कापले गेले, पण पेमेंट गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याचा आपोआप येणारा संदेश, आमच्या सर्व्हरवर उशिरा पोहोचला आणि तोवर ती वेळ दुसऱ्याला दिली गेली. कधी तोच वेबहुक दोनदा आला आणि एका रुग्णाच्या नावावर दोन नोंदी पडल्या. भेट ऐनवेळी रद्द झाली तर परतावा पूर्ण द्यायचा की अर्धा, हे तर आम्ही ठरवलेलेच नव्हते. तेराव्या आठवड्याअखेर पेमेंट चोख चालत होते आणि ॲप वापरलेला खरा रुग्ण एकही नव्हता. त्यानंतर कळले की थेरपिस्ट आपल्या मोकळ्या वेळा आगाऊ भरायलाच तयार नाहीत, कारण त्या रोज बदलतात. एवढे कळायला पाच थेरपिस्ट आणि एक सामायिक शीट पुरली असती.

म्हणून कोणती गोष्ट खोटी ठरली तर सगळी कल्पनाच कोसळेल, ते मी आधी लिहून काढतो, आणि ते तपासायला ज्याची गरज नाही ते काम हाताने करतो. झॅपोस या ऑनलाइन बूटविक्री कंपनीचे संस्थापक निक स्विनमर्न यांनी 1999 मध्ये दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले आणि मागणी आली की तो जोड त्याच दुकानातून पूर्ण किमतीला घेऊन पाठवला. त्यांनाही आपण फसवे म्हणाल का?

लोक पैसे देतील का, हीच मुख्य शंका असेल, तर पैसे पहिल्या दिवसापासून घ्यावेतच. तेव्हाही पेमेंटची लिंक पाठवून शीटमध्ये नोंद ठेवली तरी पहिल्या वीस-तीस ग्राहकांपर्यंत सहज भागते. परतावे आणि ताळमेळ यांत रोज तासाभराहून अधिक वेळ जाऊ लागला, की मग त्याचा कोड लिहायला घ्यावा.

आपला अनुभव याउलट असेल तर जरूर लिहावा; पेमेंटला किती आठवडे लागले आणि त्या काळात खरे ग्राहक किती होते, एवढे दोन आकडे मात्र त्यात असावेत.